निफ्टीवर जमलेला स्ट्रँगल शेअरवर का फसला? रिझल्ट, टेकओव्हर आणि पंखांचा खर्च

अजनी_एक्सप्रेस · मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, आधी नुकसान सांगतो, मग प्रश्न.

दोन वर्षं निफ्टीवर स्ट्रँगल विकतोय. मिहानमधली नोकरी सांभाळून, मोबाईलवरून. कधी हरलो, पण स्टॉपलॉसने वाचवलं. सहा महिन्यांपूर्वी वाटलं, शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रीमियम जाड मिळतो, तिकडे वळू. एका मिडकॅप शेअरवर दर महिन्याला एकच लॉट. शेअरचं नाव घेत नाही, आणि हिशेब सोपा जावा म्हणून भाव १००० आणि लॉट ५०० धरतो. प्रमाण खरंच आहे.

या वेळी एक्स्पायरीला बारा दिवस होते. ११०० चा कॉल १० ला विकला, ९०० चा पुट ९ ला. एकूण १९ रुपये, म्हणजे ९,५०० हातात. पुटवर स्टॉपलॉस लावला होता, ट्रिगर २५ आणि लिमिट २८. संध्याकाळी रिझल्ट आला. नफ्याचा आकडा बरा होता, पण पुढच्या वर्षाचा अंदाज कंपनीने खाली आणला. सकाळी शेअर उघडला ७९० ला.

स्टॉपलॉस लागलाच नाही! म्हणजे ट्रिगर झाला, पण ऑर्डर २८ ला नुसती पडून राहिली, कारण पुट उघडलाच १२० च्या आसपास. अर्धा तास हात थरथरत होते. शेवटी १२८ ला विकत घेऊन सुटलो. कॉल जवळपास शून्यावर गेला होता. निव्वळ तोटा १०९ गुणिले ५००, म्हणजे ५४,५००. सहा महिन्यांचं जवळपास सगळं एका सकाळी गेलं.

माझा प्रश्न: निफ्टीवर हीच पद्धत चालते, मग शेअरवर का नाही? चूक स्टॉपलॉसची, स्ट्राइकची, की पद्धतच चुकीची?

---

बुटीबोरीचा_बुल · रात्री १०:०५

स्टॉपलॉसची चूक आहे, दुसरं काही नाही. लिमिट इतकी चिकटून ठेवतात का? ट्रिगर २५ तर लिमिट किमान ५० ठेवायची. आता ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर बंदच आहे, २०२१ पासून एनएसईने काढून टाकली, त्यामुळे लिमिट ढिली ठेवावीच लागते.

दुसरं, एका महिन्यावरून पद्धत मोडीत काढू नको. शेअरवर प्रीमियम जाड असतो तो उगाच नाही. विकणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. मी चार वर्षं करतोय, एकूण हिशेबात वर आहे.

---

तर्री_जास्त · रात्री १०:१२

बाप्पा, लिमिट ५० ठेवली असती तरी पुट १२० ले उघडला नं भाऊ. ५० वाली ऑर्डर बी तशीच लटकून राहिली असती. तू काय म्हणून राहिला बे बुल?

---

बुटीबोरीचा_बुल · रात्री १०:२०

बरं, मग लिमिट १५० ठेवायची. मुद्दा तोच.

---

जुना_डीलर · रात्री ११:०२

मुद्दा तोच राहत नाही, बुल. लिमिट १५० ठेवली असती तर ऑर्डर सव्वानऊला भरली असती, १२० ला किंवा घाईत आणखी महाग. अजनीचा तोटा ५४,५०० ऐवजी पन्नासेक हजार झाला असता, इतकंच. स्टॉपलॉस ही खरेदीची ऑर्डर आहे, आणि खरेदी होते ती समोर भाव असतो त्याला. २५ आणि १२० यांच्या मध्ये एकही सौदा झालाच नाही, तर २५ ला कुणाकडून घेणार? साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा पुट ९-१० ला होता. पुढचा सौदा सकाळी १२० ला. मधले सगळे भाव रात्रीत वगळले गेले.

मी बावीस वर्षं मुंबईत एका दलाल पेढीच्या डीलिंग टेबलावर होतो, आता खामल्यात घरी बसून पाहतो. निफ्टी विकणारे आणि शेअर विकणारे यांच्यातला फरक मी एकाच तारखेने समजावतो: १७ जानेवारी २०२४.

आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचा तिमाही निकाल आला. दुसऱ्या दिवशी शेअर साडेआठ टक्क्यांच्या जवळ पडला. त्याच दिवशी बँक निफ्टी सुमारे सव्वाचार टक्के, आणि निफ्टी साधारण दोन टक्के. बातमी एकच होती. निफ्टीत या बँकेचं वजन तेव्हा तेरा टक्क्यांच्या आसपास होतं. त्या वजनाने आठ टक्क्यांची पडझड निफ्टीपर्यंत पोचली ती एकाच टक्क्याच्या आसपास. उरलेला टक्का बाकीच्या बँका आणि बाजाराचा मूड यांचा.

आणि ही देशातली सगळ्यांत मोठी खासगी बँक, तुझा मिडकॅप नव्हे. निर्देशांकात एका कंपनीची बातमी पाणी घालून पोचते, शेअरवर ती नीट येते. तू निफ्टीवर शिकलेला स्टॉपलॉस त्या पाणी घातलेल्या बातमीवर शिकलेला आहे.

---

बुटीबोरीचा_बुल · रात्री ११:१५

निफ्टी काय उडी मारत नाही? ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी सहा टक्के पडला. २३ मार्च २०२० ला तेरा टक्के. तेव्हा नेकेड विकणारे मेलेच की.

---

जुना_डीलर · रात्री ११:३१

मेले, आणि मी ते टेबलावरून पाहिलं. तुझं बरोबर आहे, निफ्टीवर नेकेड विकणं सुरक्षित आहे असं मी म्हणतच नाही.

पण बघ, तुला त्या दिवसांच्या तारखा पाठ आहेत. निफ्टी एका दिवसात सहा टक्के हलला की ती तारीख लोक वर्षानुवर्षं सांगतात. शेअरचं काय? प्रत्येक निकालाच्या हंगामात एफअँडओतले काही शेअर सहा-आठ टक्के उघडतात आणि महिन्याभरात कुणाला आठवत नाही. जी आठवतात ती तर भयंकर आहेत. १२ एप्रिल २०१३ ला इन्फोसिस एकवीस टक्के पडला, कारण वर्षाचा अंदाज बाजाराला आवडला नाही. ११ मार्च २०२५ ला इंडसइंड बँक सत्तावीस टक्के, आणि तो निकालही नव्हता. आदल्या संध्याकाळी डेरिव्हेटिव्हच्या हिशेबातली तफावत बँकेने जाहीर केली, बस.

शिवाय निफ्टीला पूर्ण बाजाराचं सर्किट आहे, दहा, पंधरा, वीस टक्क्यांवर व्यवहार थांबतात. एफअँडओतल्या शेअरला ठरावीक सर्किट नाही. पट्टा दहा टक्क्यांचा असतो, पण भाव तिथे टेकला की तो पुढे सरकवला जातो. शिवाय निफ्टी सकाळी कुठे उघडणार याची चाहूल गिफ्ट निफ्टीवरून पहाटेच लागते. तुझ्या मिडकॅपचा रात्री भाव सांगणारं कोणी नाही.

---

रामटेककर_काका · बुधवार, सकाळी ६:५०

अजनी, धीर सोडू नये. मी एका सरकारी कंपनीचे शेअर २००९ पासून धरून आहे. रिझल्ट वाईट आला की लोक घाबरतात, मी उलट थोडे घेतो. सरासरी कमी होते. चांगली कंपनी असेल तर परत वर येतेच. मधे मधे बोनसही मिळाला. तुझा शेअर चांगला असेल तर ७९० ला घाबरून विकायला नको होता.

---

अजनी_एक्सप्रेस · सकाळी ८:१५

काका, माझ्याकडे शेअर नव्हतेच हो. मी पुट विकला होता. शेअर पुढच्या वर्षी १५०० ला गेला तरी माझा सौदा या महिन्याच्या एक्स्पायरीला संपतो.

---

रामटेककर_काका · सकाळी ८:४०

अच्छा, ते वेगळं. पण मग माझं एक विचारतो. आमच्या ब्रोकरच्या पोराने मला शिकवलं की धरलेल्या शेअरवर दर महिन्याला कॉल विकायचा, भाडं मिळाल्यासारखं. मी करतोय वर्षभर. माझ्यावरही अशी उडी येऊ शकते का?

---

जुना_डीलर · सकाळी ९:०५

काका, तुमच्याकडे लॉटएवढे शेअर पूर्ण असतील तर वरच्या उडीने तुमचं घर जळत नाही. चुकचुकणं तेवढं वाट्याला येतं. शेअर तीस टक्के वर उघडला तर तुमचे शेअर स्ट्राइकच्या भावाला जातील, वरचा फायदा दुसऱ्याचा. खाली उडी आली तर मात्र शेअर तुमचाच पडणार, भाड्याचे दहा रुपये तेवढे वजा.

पण तुमच्या प्रश्नामुळे एक राहिलेली गोष्ट आठवली, ती अजनीलाही लागू आहे. निफ्टीवाले कॉलच्या बाजूला बिनधास्त असतात. निफ्टी पडतो वेगाने, चढतो हळूहळू, त्यामुळे वरच्या बाजूला पळायला वेळ मिळतो. ही सवय शेअरवर आणली की टेकओव्हर तिथेच गाठतो. ४ एप्रिल २०२२, सोमवार. बाजार उघडण्याआधी एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. दोन्ही शेअर नऊ-दहा टक्के वर. निफ्टी सव्वादोन टक्क्यांच्या आत.

झी एंटरटेनमेंट तर पाठ्यपुस्तकच. १४ सप्टेंबर २०२१ ला सुमारे चाळीस टक्के वर, कारण मोठ्या भागधारकाने व्यवस्थापन बदलायची मागणी केली. आठवडाभराने २२ तारखेला सोनीबरोबर विलीनीकरण जाहीर झालं, पुन्हा तीस टक्क्यांच्या आसपास वर. आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला. तो सोमवार होता, राममंदिराच्या सोहळ्यामुळे बाजार बंद. मंगळवारी उघडला तेव्हा एका दिवसात तीस टक्क्यांहून जास्त गेले. एकाच शेअरने दोन्ही बाजूच्या विकणाऱ्यांना मारलं, आणि तिन्ही वेळा शेअर एफअँडओत होता.

---

तर्री_जास्त · सकाळी ९:१२

सुट्टीच्या दिवशी सौदा मोडला म्हणता? म्हणजे लोक घरी बसून टीव्हीवर पाहून राहिले, अन् ऑर्डर टाकता येऊन नाही राहिली. काय जीव घेणं आहे हे.

---

अजनी_एक्सप्रेस · दुपारी १:२०

डीलर काका, मग उपाय पंखांचा ना? म्हणजे बाहेरचे स्ट्राइक विकत घ्यायचे. मी त्या दिवशीचे भाव पाहिले. ८५० चा पुट ४ ला होता, ११५० चा कॉलही ४ ला. दोन्ही घेतले असते तर १९ मधून ८ गेले, हातात ११ उरले. म्हणजे ९,५०० च्या जागी ५,५००. चाळीस टक्क्यांहून जास्त कमाई पंखांवर! म्हणूनच घेतले नव्हते, खरं सांगतो.

---

जुना_डीलर · दुपारी २:०५

खर्चाचा हिशेब केलास, आता दुसरी बाजू लिही. दोन स्ट्राइकमधलं अंतर ५०. त्यातून मिळालेले ११ वजा कर, उरले ३९. गुणिले ५००, म्हणजे १९,५००. शेअर ७९० ला उघडो, ७०० ला उघडो, कंपनीवर धाड पडून ५०० ला उघडो, या एका लॉटवर तुझा जास्तीत जास्त तोटा एक्स्पायरीला १९,५०० च. पंख नसताना ७०० ला तो ९०,५०० झाला असता.

त्यापेक्षा महत्त्वाचं हे की हा आकडा तुला आदल्या रात्री माहीत असतो. नेकेड सौद्यात आपला तोटा किती ते तू ठरवत नाहीस, दुसऱ्या दिवशीचा उघडता भाव ठरवतो. निफ्टीवर तो उघडता भाव बहुतेक वेळा कालच्या जवळ असतो, म्हणून स्टॉपलॉस हा पंखांच्या जागी कसाबसा चालून जातो. शेअरवर तो चालत नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

---

बुटीबोरीचा_बुल · दुपारी ३:५०

आता बाजार बंद झाला, लिहितो. डीलर काका, आदर आहे, पण तुम्ही एकच महिना दाखवताय. बारा महिने घ्या. नेकेड: अकरा महिने ९,५००, एकदा ५४,५०० चा फटका. वर्षाला पन्नास हजार फायदा. पंखवाला: अकरा महिने ५,५००, एकदा १९,५०० चा फटका. वर्षाला एक्केचाळीस हजार. नेकेड पुढे! उगाच विमा विकत घ्यायचा.

---

जुना_डीलर · संध्याकाळी ५:१५

गणित बरोबर आहे. मी खोडत नाही. वर्षात एकच उडी आणि ती ७९० पर्यंतच, हे आधी माहीत असेल तर नेकेडच करावं.

पण फटक्याचा आकडा तू तुझ्या सोयीने निवडलास. तोच ७०० चा धर. नेकेडचे अकरा महिन्यांचे १,०४,५०० मधून ९०,५०० गेले, उरले चौदा हजार. पंखवाल्याचे तेच एक्केचाळीस हजार. आता वर्षातून दोन उड्या धर, दोन्ही ७९० वाल्या. नेकेडचे दहा महिन्यांचे ९५,००० आणि फटका १,०९,०००, म्हणजे तोट्यात. पंखवाला ५५,००० वजा ३९,०००, सोळा हजार फायद्यात. आणि वर्षातून चार वेळा निकाल लागतो.

तुझी चार वर्षं मी खोटी ठरवत नाही. चार वर्षांत मोठी उडी आली नाही, किंवा आली तेव्हा तू नेमका बाहेर होतास. ते नमुन्यात मोजायचं कसं, हे मलाही सांगता येत नाही.

---

बुटीबोरीचा_बुल · संध्याकाळी ५:३०

मी निकालाच्या आदल्या दिवशी बाहेर पडतो, म्हणून वाचतो. नशीब नव्हे ते.

---

जुना_डीलर · संध्याकाळी ५:५२

हे आधी सांगायचं होतंस! मग आपलं भांडण निम्मं मिटलं. निकालाच्या बैठकीची तारीख एक्सचेंजवर आधी जाहीर होते, त्या रात्री सौदा नसणं हा पंखांपेक्षाही स्वस्त बचाव. अजनीने तेच केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

मात्र टेकओव्हरला, करार मोडायला, हिशेबातल्या तफावतीला तारीख नसते. आणि इथे एक गंमत आहे जी मला टेबलावर बऱ्याच उशिरा कळली. निकालाच्या आठवड्यात सगळ्यांना उडी दिसत असते, म्हणून पंख महाग. अजनीच्या चेनवर त्या दिवशी १००० चा कॉल आणि पुट मिळून ७८ च्या आसपास असणार. म्हणजे बाजार एक्स्पायरीपर्यंत सरासरी पावणेआठ टक्क्यांची हालचाल धरून होता. सरासरी, कमाल नव्हे. त्याने स्ट्राइक घेतले दहा टक्क्यांवर, म्हणजे सरासरीच्या जेमतेम बाहेर, आणि त्याला वाटलं लांब आहेत. निफ्टीत दहा टक्के म्हणजे खरंच लांब. ही गफलत बहुतेकांची होते.

उलट, शांत पडलेल्या शेअरवर, जिथे पुढचा निकाल दोन महिने लांब आहे, तिथे तेच पंख रुपया-दीड रुपयाला मिळतात, कारण टेकओव्हर कुणाच्या डोक्यातच नसतो. म्हणजे बिनतारखेच्या उडीचा विमा स्वस्त असतो आणि नेमका तोच लोक वाचवतात. बुल, तू निकालाला बाहेर पडतोस, चांगलं. बाकीच्या महिन्यात दीड रुपया का वाचवतोस?

---

बुटीबोरीचा_बुल · संध्याकाळी ६:१०

दोन्ही बाजूंना दीड-दीड म्हणजे तीन, लॉटमागे दीड हजार. शांत महिन्यात मला प्रीमियमच सात-आठ रुपये मिळतो. बघतो. पटलं असं म्हणत नाही.

---

तर्री_जास्त · रात्री ८:३०

मी एक विचारतो, हसू नका. पंख घेतले की मार्जिन लय कमी लागते नं. नेकेडले जेवढी लागे तेवढ्यात चार लॉट बसून राहिले. मंग मी चार लॉट टाकतो, प्रीमियम बी भरून निघते. बरोबर आहे नं?

---

सीताबर्डीची_सून · रात्री ८:४४

चार गुणिले १९,५०० किती होतात रे भाऊ?

---

तर्री_जास्त · रात्री ८:४६

७८,०००. अबे! हे तर अजनीच्या नेकेडपेक्षा बी जास्त झालं.

---

जुना_डीलर · रात्री ९:००

ताईंनी एका ओळीत काम केलं. मार्जिन कमी होते कारण तोटा मर्यादित झाला, आणि माणूस ती मर्यादा लगेच चौपट करतो. लॉट मार्जिनवरून ठरवू नये, ‘एका रात्रीत इतके गेले तर चालतील’ या आकड्यावरून ठरवावेत. वीस हजार चालत असतील तर एक लॉट. खात्यात पैसे उरले तर उरू देत.

---

सीताबर्डीची_सून · रात्री ९:२५

माझाही अनुभव लिहिते, कारण इथे सगळे ‘जास्तीत जास्त तोटा ठरलेला’ असं ठामपणे म्हणताहेत आणि माझा त्याहून जास्त झाला होता.

अजनीचेच आकडे वापरते. ९०० चा पुट विकलेला, ८५० चा घेतलेला, हातात ५ रुपये. कागदावर जास्तीत जास्त तोटा ४५ गुणिले ५००, म्हणजे २२,५००. एक्स्पायरीच्या दिवशी शाळेत परीक्षा होती, मी वर्गात. वाटलं, पंख आहेत, काय बिघडतंय. शेअर बंद झाला ८७२ ला.

८७२ ला माझा विकलेला ९०० चा पुट पैशात होता, घेतलेला ८५० चा शून्य झाला. शेअरच्या ऑप्शनची डिलिव्हरी होते हे मला ऐकून माहीत होतं, अंगावर आलं तेव्हा कळलं. ५०० शेअर ९०० ने घ्यायचे, साडेचार लाख रुपये. खात्यात तेवढे नव्हते. ब्रोकरचे फोन. यांच्या एफडीतून पैसे काढले, सासूबाईंना काय सांगायचं ते वेगळंच. शेअर खात्यात येऊन विकेपर्यंत भाव ८३८. बासष्ट रुपये गुणिले ५००, म्हणजे ३१,०००, त्यातून मिळालेले अडीच हजार वजा. २८,५०० गेले, दंड आणि व्याज वेगळं.

---

अजनी_एक्सप्रेस · रात्री ९:४०

ताई, हे भयानक आहे. म्हणजे शेअर ८४० ला बंद झाला असता तर बरं होतं?

---

जुना_डीलर · रात्री १०:१०

हो, विचित्र वाटेल, पण हो. ८४० ला दोन्ही पुट पैशात, घ्यायचे आणि द्यायचे शेअर एकमेकांत वळते होतात, तोटा २२,५०० वर थांबतो. दोन स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला की पंख गळून पडतो आणि विकलेला पाय एकटा उरतो. निफ्टीत हे होत नाही, तिथे रोखीने मिटतं, मधे बंद झाला तरी फरकाचे पैसे कापले की विषय संपला. शेअरच्या ऑप्शनला २०१९ च्या ऑक्टोबरपासून सरसकट डिलिव्हरी आहे. म्हणून शेअरवरचा स्प्रेड एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत नेऊच नये. त्या आठवड्यात डिलिव्हरीचं मार्जिनही रोज वाढत जातं, तीच पहिली सूचना समजावी.

अजून एक गोष्ट, अजनीसाठी. उडीनंतरच्या सकाळी स्क्रीनवर स्प्रेडचा तोटा १९,५०० पेक्षाही जास्त दिसू शकतो. खोल पैशात गेलेल्या स्ट्राइकला घेणारा आणि विकणारा यांच्यात दहा-पंधरा रुपयांची दरी असते. त्या भावाला घाबरून तोडू नये. दुपारपर्यंत दरी मिटते. तोडतानाही आधी विकलेला पाय बंद करायचा, पंख नंतर. घेताना उलट, आधी पंख.

---

रामटेककर_काका · रात्री १०:२५

डीलरसाहेब, मी विकलेल्या कॉलचीही डिलिव्हरी होईल का मग?

---

जुना_डीलर · रात्री १०:३१

पैशात बंद झाला तर होईल काका, पण तुमच्याकडे शेअर आहेत, ते द्यायचे. फक्त ते डिमॅटमध्ये मोकळे असू देत, कुठे गहाण ठेवले असतील तर एक्स्पायरीच्या आधी सोडवून घ्या.

---

अजनी_एक्सप्रेस · गुरुवार, रात्री ८:५५

पुढच्या महिन्यासाठी आज चेन उघडून बसलो. दुसरा एक शेअर, भाव साधारण त्याच टापूतला, निकाल होऊन गेलेला. ९०० चा पुट ६ ला विकता येतोय. ८५० चा शेवटचा सौदा २ ला दिसतो, मला वाटलं मस्त. मग डेप्थ पाहिली. विकायला एकच ऑर्डर, ५ रुपये ४० पैशांवर. साडेतीनवर लिमिट लावून दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली, कोणी दिला नाही. ८०० ला तर विकणाराच नाही.

---

जुना_डीलर · रात्री ९:२०

२ चा सौदा सकाळचा असेल, किंवा कालचा. शेवटचा भाव पाहून पंखाचा खर्च धरू नये, समोर विकणारा कितीला उभा आहे ते धरावं. ६ घेऊन ५.४० द्यायचे तर साठ पैशांसाठी पन्नास रुपयांची जोखीम. त्या शेअरवर हा सौदा उपलब्धच नाही असं समज.

---

बुटीबोरीचा_बुल · रात्री ९:२८

किंवा पंख न घेता विक. रिझल्ट तर होऊन गेलाय.

---

अजनी_एक्सप्रेस · रात्री ९:४१

नाही बुल, राहू दे. या महिन्यात निफ्टीच, आणि तोही पंखांसकट.

---

तर्री_जास्त · रात्री ९:४३

मी बी दोन लॉट काढून टाकले आज. दोन उरले. आणखी एक उद्या काढतो, एकदम नाई जमत.